‘इथून समुद्र दिसतो’: रिसॉर्टच्या पाहणीत दुभाषा म्हणून चालताना

परदेशी टूर कंपन्यांचे बायर रिसॉर्ट बघायला येतात तेव्हा ते पाहुणे म्हणून येत नाहीत. पुढच्या हंगामात आपल्या ग्राहकांना कोणत्या खोल्या विकायच्या, कॅटलॉगमध्ये काय लिहायचं आणि काय लिहायचं नाही, हे ते चालता चालता ठरवत असतात. मॅनेजर मराठीत बोलतो, बायर जर्मनमध्ये, आणि मधे दुभाषा. तिथे उच्चारलेला एखादा शब्द तीन महिन्यांनी कॅटलॉगमध्ये छापून येतो आणि सहा महिन्यांनी त्याच शब्दावरून तक्रार येते. जर्मन बायरांच्या गटाबरोबरच्या एका पाहणीचा क्रम धरून हे काम कसं चालतं ते लिहितो. रिसॉर्ट 84 खोल्यांचं, बायर पाच, वेळ अडीच तास.

तयारीसाठी आदल्या दिवशी रिसॉर्टकडून दोनच गोष्टी मागून घ्याव्या: खोल्यांच्या प्रकारांचा तक्ता आणि आवाराचा नकाशा. माहितीपत्रक वाचून फार उपयोग होत नाही, कारण त्यात विशेषणं असतात आणि बायर विशेषणं विचारत नाहीत. तक्त्यात कोणत्या प्रकारच्या किती खोल्या, कोणत्या मजल्यावर, क्षेत्रफळ किती, पलंगाचं माप काय हे असतं. फुटांतली मापं मीटरमध्ये काढून तक्त्याच्या समासात लिहून ठेवायची. मॅनेजर ‘साडेतीनशे स्क्वेअर फूट’ म्हणाला की 32.5 चौरस मीटर हा आकडा तयार हवा, आणि त्यात बाल्कनी धरली आहे का हेही आधीच विचारलेलं हवं. पलंग ‘सहा बाय साडेसहा’ म्हणजे साधारण 183 बाय 198 सेंटिमीटर. हे गणित कॉरिडॉरमध्ये चालता चालता करायला गेलात तर पुढची दोन वाक्यं निसटतात.

निघण्यापूर्वी लॉबीत दोन मिनिटं मागायची आणि दोन्ही बाजूंना त्यांच्या भाषेत एकच गोष्ट सांगायची: एकमेकांना उद्देशून जे बोललं जाईल ते सगळं भाषांतरित होईल, आपसांत बोललेलं होणार नाही. हे आधी सांगितलं नाही तर पुढे हमखास पेच येतो. मॅनेजर हाउसकीपिंगच्या माणसाला हळूच म्हणतो, ‘एकशे चौदा नको, तिथला एसी गळतोय.’ बायर लगेच विचारतो, ‘काय म्हणाले ते?’ अशा वेळी ‘काही नाही’ म्हणणं खोटं आहे, आणि ते वाक्य सांगून टाकणं म्हणजे ज्याने काम दिलं त्याचा विश्वास मोडणं. बरोबर उत्तर एवढंच: ‘त्यांनी आपल्या माणसाला सूचना दिली, हवं तर त्यांनाच विचारा,’ आणि मग तो प्रश्न मॅनेजरकडे नेणं. बायर आपसांत जर्मनमध्ये दरांबद्दल कुजबुजतात, त्यालाही हाच नियम. मॅनेजर नंतर चहाला थांबवून ‘काय बोलत होते ते?’ विचारतोच. लॉबीत सांगितलेलं असलं की ‘सर, सुरुवातीलाच ठरलंय’ असं म्हणता येतं आणि कुणाला वाईट वाटत नाही.

पाहणीत उभं कुठे राहायचं यावर निम्मं काम अवलंबून असतं. मॅनेजर झपाझप पुढे चालतो आणि तोंड पुढे ठेवूनच बोलतो, मागचे दोन बायर बाल्कनीचे फोटो काढत राहतात. दुभाषा मॅनेजरच्या कोपरापाशी, अर्धं पाऊल मागे. टूर गाईड सिस्टीम मिळाली तर फार बरं: दुभाष्याच्या हातात माइक, प्रत्येक बायरच्या कानात रिसीव्हर. मग मॅनेजर बोलत असतानाच हलक्या आवाजात जर्मन देता येतं आणि वेळ दुप्पट होत नाही. उलट दिशेने, म्हणजे बायरचा प्रश्न मॅनेजरकडे नेताना, थांबून बोलणंच चांगलं. मॅनेजर एकटाच असतो आणि त्याला विचार करायला तेवढा वेळ मिळतो. खोलीत शिरण्याआधी कॉरिडॉरमध्ये खोलीची माहिती संपवून घ्यावी. आत गेल्यावर पाच जण पाच दिशांना पांगतात, एक बाथरूमचा नळ सोडतो, एक कपाट उघडतो, आणि कुणीही ऐकत नाही.

आता ती खोली. तक्त्यात 28 खोल्या ‘सी व्ह्यू डिलक्स’ या नावाखाली होत्या. पहिल्या मजल्यावरच्या खोलीच्या बाल्कनीचं दार सरकवून मॅनेजर म्हणाला, ‘इथून समुद्र दिसतो.’ समोर दोन झाडांच्या मधून समुद्र दिसत होताच. इथे जिभेवर पहिला शब्द येतो तो ‘मेअरब्लिक’, आणि तोच थांबवायचा असतो. जर्मन कॅटलॉगच्या भाषेत समुद्रासाठी तीन वेगळे शब्द आहेत. ‘मेअरब्लिक’ म्हणजे खोलीतून किंवा बाल्कनीतून समुद्र खरोखर दिसतो. ‘झायटलिशर मेअरब्लिक’ म्हणजे कडेने, मान वळवून दिसतो. ‘मेअरझायटे’ म्हणजे खोली समुद्राच्या बाजूला आहे. समुद्र दिसेलच असं नाही, मधे झाडं असू शकतात, इमारत असू शकते. मराठीत आपण या तिन्हींना बिनधास्त ‘सी व्ह्यू’ म्हणतो.

हा नुसता शब्दांचा काथ्याकूट नाही. युरोपीय संघाच्या पॅकेज प्रवासाच्या निर्देशानुसार (2015 चा निर्देश, 1 जुलै 2018 पासून लागू) पॅकेजमध्ये जे कबूल केलं ते मिळालं नाही तर जबाबदारी टूर कंपनीची असते, मग खोली दुसऱ्या कुणाच्या मालकीची असली तरी. जर्मनीत 1985 पासून ‘फ्रँकफर्ट तक्ता’ म्हणून एक कोष्टक प्रसिद्ध आहे. तिथल्या न्यायालयाच्या निकालांतून ते तयार झालं. ते बंधनकारक नाही, पण कोणत्या उणिवेला किती टक्के पैसे परत याचा अंदाज त्यावरून घेतला जातो. कबूल केलेलं समुद्राचं दृश्य मिळालं नाही तर त्यात 5 ते 10 टक्के कपात आहे. बायर बाल्कनीत उभा राहून समुद्राकडे बघतो तेव्हा त्याच्या डोक्यात हे टक्के असतात.

म्हणून मॅनेजरचं वाक्य जसंच्या तसं दिलं: ‘इथून समुद्र दिसतो.’ वाक्यच, कॅटलॉगचा शब्द नाही. बायर बाईंनी बाल्कनीतली खुर्ची ओढली, त्यात बसल्या, आणि विचारलं, ‘या प्रकारच्या 28 खोल्यांपैकी कितींमधून बसून दिसतो?’ मॅनेजर म्हणाला, ‘जवळपास सगळ्या.’ याचंही शब्दशः भाषांतर केलं. बाईंच्या वहीत ‘जवळपास’ उतरलं नाही, हे दिसत होतं. पण त्याची आठवण करून देणं हे दुभाष्याचं काम नव्हे, त्यामुळे तिथे हात आवरला. पुढचा प्रश्न मात्र थेट शब्दाचा आला: ‘मग सगळ्यांना मेअरब्लिक लिहू?’ इथे दुभाष्याने थांबून, दोन्ही बाजूंना ऐकू जाईल असं, सांगायला हवं: ‘सर, त्यांच्या भाषेत यासाठी तीन शब्द आहेत आणि तिन्हींचा अर्थ वेगळा आहे,’ आणि अर्थ सांगायचे. बायरनाही जर्मनमध्ये सांगायचं की मी आत्ता शब्दांचा अर्थ समजावतोय. हा सल्ला नाही. ज्या शब्दावर होकार मागितला जातोय तो शब्द समोरच्याला कळला पाहिजे, एवढंच.

मॅनेजरने मग फ्रंट ऑफिसला फोन लावला. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्या 16 खोल्यांतून समुद्र स्पष्ट दिसत होता. तळमजल्यावरच्या 12 खोल्यांपुढे मेंदीचं कुंपण होतं, माणसाच्या खांद्याएवढं; उभं राहिलं तर समुद्र दिसे, बसलं तर हिरवी भिंत. मॅनेजर म्हणाला, ‘कुंपण छाटून घेऊ.’ बायर म्हणाल्या, ‘तळमजल्याला कुंपण नसेल तर लोक बाल्कनीतून आत बघतील.’ शेवटी 16 खोल्या मेअरब्लिक आणि 12 खोल्या मेअरझायटे अशी विभागणी झाली, दोन वेगळे दर ठरले. दहा मिनिटं गेली. पण घाईत पहिला शब्द दिला असता तर बारा खोल्यांत उतरणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला तक्रारीचं कारण मिळालं असतं.

त्याच खोलीत पलंगाचा प्रश्न येतो, आणि तोही असाच निसरडा. मॅनेजर ‘डबल बेड’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात एक सलग गादी असते. जर्मन ‘डॉपेलबेट’ म्हणजे बऱ्याचदा एका चौकटीत शेजारी शेजारी दोन गाद्या. मधल्या फटीला त्यांच्याकडे ‘बेझूखररिट्से’ असं खास नावसुद्धा आहे. तेव्हा ‘डबल बेड’चं भाषांतर करायच्या आधी चादरीची कड उचलायला सांगावी आणि गादी एक आहे की दोन हे सगळ्यांनी बघावं. दोन सेकंदांचं काम आहे. दोन सुटे पलंग जोडून डबल केलेले असतील तर बायरला ते उलट आवडतं, कारण तीच खोली दोन मित्रांनाही विकता येते.

आकड्यांबद्दल इथेच सांगतो, कारण खोल्यांत आकडे सर्वांत जास्त येतात. मराठीतला ‘एकोण’ दमलेल्या कानाला फसवतो. ‘एकोणपन्नास’ ऐकताना ‘पन्नास’ हा शेवट ठसतो आणि तोंडून पन्नास जातं. जर्मनमध्ये त्याच आकड्याला ‘नऊ आणि चाळीस’ म्हणतात, म्हणजे पन्नासचा तिथे मागमूस नाही. वेळेचा सापळा याच्या उलट आहे. ‘हाल्प फिअर’चा शब्दशः अर्थ ‘अर्धे चार’, आणि घड्याळात ते असतं साडेतीन. ‘अर्धा’ आणि ‘चार’ हे दोन शब्द कानावर पडले की मराठी जीभ सरळ ‘साडेचार’ म्हणून मोकळी होते. जर्मनीच्या पूर्वेकडच्या आणि दक्षिणेकडच्या काही भागांत ‘पाऊण चार’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग करतात, तो म्हणजे आपले पावणेचार. हा मात्र मराठी माणसाला पटकन कळतो. उपाय साधा आहे. आकडा बोलताना वहीवर अंकांत लिहायचा आणि वही फिरवून दोघांना दाखवायची. 15:30 लिहिलेलं कुणीही चुकीचं वाचत नाही.

स्वयंपाकघरात आवाज ही पहिली अडचण. एक्झॉस्ट चालू असतो, भांडी आपटत असतात, टोप्या घालायला लागतात आणि कानातले रिसीव्हर निघून येतात. बायर बहुतेकदा कोल्ड रूमपासून सुरुवात करतात, तेव्हा दारापाशी सगळ्यांना गोळा करून शेफला तिथेच बोलायला लावावं. शेफ म्हणतो, ‘हा अठरावर असतो.’ त्याच्या दृष्टीने उणे सांगायची गरजच नसते, कारण तो डीप फ्रीझरकडे बोट दाखवत असतो. मागच्या रांगेतल्या बायरला बोट दिसत नाही, त्याला फक्त आकडा ऐकू येतो. म्हणून आकड्याआधी वस्तूचं नाव आणि आकड्याला चिन्ह: ‘डीप फ्रीझर, उणे 18.’ आपण घरात सगळ्याला फ्रिज म्हणतो. इथे कोल्ड रूम, डीप फ्रीझर आणि काउंटरखालचा फ्रिज यांची नावं वेगळी ठेवली नाहीत तर तपासणीच्या तक्त्यात आकडे भलत्याच रकान्यात जातात.

बायरकडे स्वतःचा थर्मामीटर असतो. कोल्ड रूमच्या पॅनलवर 4 दिसत होतं, त्यांनी दाराजवळच्या ट्रेमध्ये सुई घातली तर 9 आलं. शेफ म्हणाला, ‘आत्ताच माल आत आणलाय, दार दहा मिनिटं उघडं होतं.’ हे वाक्य पूर्ण, कारणासकट द्यायचं. ‘तो म्हणतो दार उघडं होतं’ असं आखडलेलं भाषांतर केलं की तेच सबबीसारखं ऐकू येतं. बायरने मागच्या रॅकवरचं तापमान घेतलं, तिथे 4 होतं, आणि तापमानाची वही मागितली. वही मराठीत असेल तर ती वाचून दाखवायची, पण जेवढं लिहिलंय तेवढंच. एखादा दिवस कोरा असेल तर ‘इथे नोंद नाही’ असं म्हणायचं. ‘सुट्टी असेल’ असं आपल्या पदरचं घालायचं नाही. कापायच्या पाट्यांच्या रंगांनाही हेच लागू. बऱ्याच ठिकाणी लाल कच्च्या मांसाला आणि निळा कच्च्या मासळीला असतो, पण प्रत्येक स्वयंपाकघर आपला कोड ठरवू शकतं. शेफने न सांगितलेला अर्थ दुभाष्याने सांगू नये.

अॅलर्जीवर सर्वांत सावध राहावं लागतं, कारण इथे चूक झाली तर कपात टक्क्यांची होत नाही, माणूस दवाखान्यात जातो. युरोपीय नियमांत 14 अॅलर्जीकारक घटक नावानिशी सांगावे लागतात, आणि त्यात शेंगदाणा आणि बदाम-काजू-अक्रोड ही कवचाची फळं दोन वेगळ्या क्रमांकांवर आहेत. शेफ म्हणतो, ‘यात नट्स नाहीत.’ त्याच्या बोलण्यात शेंगदाणा नट्समध्ये मोडतो की नाही हे कुणालाच माहीत नसतं. तेव्हा तो शब्द तसाच पुढे न ढकलता शेफलाच विचारायचं: शेंगदाणा आहे का? शेंगदाण्याचं तेल? काजूची पेस्ट? आणि बायरला सांगायचं की शब्द संदिग्ध होता म्हणून विचारतोय. ‘शाकाहारी’चंही तसंच: जर्मन ‘वेगेटारिश’ जेवणात अंडं चालतं, आपल्या शाकाहारात सहसा चालत नाही. शेफने ‘पूर्ण शाकाहारी’ म्हटल्यावर अंडं आणि दूध यांचा खुलासा करून घ्यावा. त्याने कुणाला अपमान वाटत नाही, शेफ उलट खुलून बोलायला लागतो.

बाहेर आवारात आल्यावर सगळे सैलावतात, आणि नेमकी तिथेच आश्वासनं दिली जातात. व्हरांड्याचा कठडा बघताना एका बायरने खिशातून मोजपट्टी काढली. दोन उभ्या गजांमधलं अंतर 14 सेंटिमीटर. त्यांच्या कंपनीची मर्यादा 10, कारण त्याहून मोठ्या फटीतून लहान मूल सरकू शकतं. बायर म्हणाले, ‘हे असं चालणार नाही.’ जर्मनमध्ये हे वाक्य रोजचं आहे, मराठीत ते थेट अंगावर येतं. मी त्याला ‘या स्थितीत आम्हाला हे स्वीकारता येणार नाही’ असं देतो: नकार तेवढाच पक्का, पण माणसाचा अपमान नाही. ‘थोडं बघावं लागेल’ असं मऊ केलं तर मात्र भाषांतर खोटं ठरतं, कारण मॅनेजर त्यानंतर काहीच दुरुस्त करणार नाही.

मॅनेजर म्हणाला, ‘काही प्रॉब्लेम नाही, करून टाकू.’ आपल्याला माहीत आहे की ‘करून टाकू’ म्हणजे कधी उद्या सकाळी वेल्डर, तर कधी नुसता दिलासा. जर्मन ‘दास माखन विअर’ मध्ये ती मोकळीक नाही. ते ऐकल्यावर बायर तारीख लिहायला पेन काढतो. हे दोन्ही एकाच वजनाने भाषांतरित केले तर मॅनेजर न दिलेल्या वचनात अडकतो. म्हणून मॅनेजरकडे वळून, सर्वांसमोर, एवढंच विचारायचं: ‘सर, हे नक्की म्हणून सांगू की विचार चालू आहे म्हणून?’ तो थांबला, देखभालीच्या माणसाकडे बघितलं, आणि म्हणाला, ‘दुसऱ्या मजल्याचं महिन्याभरात नक्की. बाकी हंगामापूर्वी.’ हे उत्तर भाषांतर करण्याजोगं आहे. उलट दिशेलाही तोच धोका: बायर ‘शाउएन विअर माल’ म्हणाला की मॅनेजर त्याला होकार समजतो. ते फक्त ‘बघू’ आहे, आणि ‘बघू’ म्हणूनच द्यावं. मराठी माणसाला ‘बघू’चा अर्थ समजावायला लागत नाही.

गॅसवर चालणारा गीझर असेल तर तो कुठे बसवलाय हा प्रश्न हमखास येतो. 2006 मध्ये ग्रीसच्या कोर्फू बेटावर एका हॉटेलच्या बंगल्यात कार्बन मोनॉक्साइडने दोन मुलं गेली, तेव्हापासून टूर कंपन्या याकडे डोळ्यांत तेल घालून बघतात. मॅनेजर ‘बाहेर आहे’ म्हणाला तर ‘बाहेर’ म्हणजे बाथरूमच्या बाहेर की इमारतीच्या बाहेर, हे विचारल्याशिवाय भाषांतर करू नये.

शेवटची बैठक टेबलावर होते आणि तिथे अलॉटमेंटची बोलणी निघतात. 10 खोल्यांचं अलॉटमेंट आणि 14 दिवसांचा रिलीज म्हणजे त्या 10 खोल्या टूर कंपनीसाठी राखून ठेवायच्या, आणि पाहुणा येण्याच्या 14 दिवस आधीपर्यंत विकल्या गेल्या नाहीत तर त्या पैसे न देता परत रिसॉर्टकडे येतात. पहिल्यांदा असा करार करणारा मॅनेजर ‘राखून ठेवल्या’ हे ‘विकल्या’ असं ऐकतो. हमी देऊन घेतलेल्या खोल्या वेगळ्या. त्या रिकाम्या राहिल्या तरी पैसे मिळतात. बायर कोणता शब्द वापरतोय हे वहीत अधोरेखित करून ठेवावं आणि मॅनेजरने दुसऱ्या अर्थाने उत्तर दिलं की लगेच थांबावं.

उठण्याआधी माझ्या वहीतली दोन पानं मोठ्याने वाचून होतात, आधी मराठीत, मग जर्मनमध्ये: जे आकडे सांगितले गेले, आणि जे नक्की म्हणून कबूल झालं. 16 आणि 12 खोल्या. कठडे, दुसरा मजला, एक महिना. कोल्ड रूमच्या वहीतले दोन कोरे दिवस. या वाचनात दर वेळी एखादी दुरुस्ती निघते. या वेळी बायर बाईंनी ‘बारा’ ऐकल्यावर वही उघडली आणि ‘सगळ्या’ हा शब्द खोडला. मॅनेजरने नंतर माझी वही मागितली. ती मी देत नाही, त्या माझ्या खुणा आहेत, सभेचं टिपण नव्हे. दोघांनी मिळून एका कागदावर मुद्दे लिहिले, सह्या केल्या, आणि मग मी माझी पानं फाडली.